विषय बदलायचाय, असं गाईडला लिहिण्याआधी

बाळा, तुझा फोन ठेवल्यावर मी बराच वेळ विचार करत होते. ट्रॉम्बे ते ऐरोली या पट्ट्यातल्या ठाणे खाडीच्या गाळात तांबं, जस्त, शिसं किती, हा तुझा एम.एस्सी.चा विषय. दोन महिने वाचून तू म्हणतेस, मावशी, यावर सगळं होऊन गेलंय, मी सरांना मेल करून विषय बदलून मागते. मेल जरूर कर. पण 'सगळं होऊन गेलंय' हे वाक्य त्यात लिहू नकोस. आयुष्यभर प्रयोगशाळेत काढल्यावर आणि पुष्कळ मुलांचे असे मेल पाहिल्यावर सांगते, या वाक्याला गाईडचा एकच प्रश्न येतो: कशावरून? त्याचं उत्तर मेलमध्येच असायला हवं.

तुला कागद खूप सापडले यात नवल नाही. खाडीच्या एका काठाला अणुसंशोधन केंद्र आहे. तिथली अप्सरा अणुभट्टी 1956 साली सुरू झाली, आणि अशा ठिकाणी आजूबाजूच्या पाण्यावर, गाळावर लक्ष ठेवावंच लागतं. समोरच्या काठाला ठाणे-बेलापूरचा कारखान्यांचा पट्टा, अलीकडच्या बाजूला माहुलच्या रिफायनऱ्या. कितीतरी विद्यार्थ्यांनी इथला गाळ तपासलाय. म्हणूनच पहिली गोष्ट ही बघ की तू खरोखर सगळं वाचलंस का. जुने पेपर आजच्या नावांनी सापडत नाहीत. शहराचं अधिकृत नाव 1995 साली बदललं, त्याआधीचं लिखाण बॉम्बे नावाखाली आहे, आणि ठाण्याचं स्पेलिंगही वेगळं होतं. शोध असा घाल:

```
("Thane creek" OR "Thana creek" OR "Bombay harbour" OR "Mumbai harbour") sediment metals
```

हार्बरचं अमेरिकन स्पेलिंगही एकदा घालून बघ. मग शोधगंगेवर जा. पीएच.डी.चे प्रबंध तिथे असतात आणि त्यातले कितीतरी पेपर म्हणून कधी छापलेच गेलेले नसतात. कुठल्या तारखेला कुठे काय शब्द घातले, हे वहीत लिहीत जा. मेलमधली तुझी पहिली साक्ष ती वही आहे.

दुसरं काम थोडं वेळखाऊ आहे, पण खरा निकाल त्यातच लागतो. वाचलेल्या प्रत्येक पेपरची एक ओळ, असा तक्ता कर. स्तंभ असे ठेव: नमुना कोणत्या वर्षी घेतला (छापल्याचं वर्ष नव्हे), पावसाळ्याआधी की नंतर, वरचा थर की खोल, गाळ सगळा घेतला की 63 मायक्रॉनच्या चाळणीखालचा, कोणत्या आम्लात विरघळवला, आणि शेवटी कोणता प्रश्न विचारला. धातूंचे आकडे सध्या भरू नकोस.

हे स्तंभ का, ते सांगते. धातू बारीक चिकणमातीच्या कणांना चिकटतो, वाळूला फारसा नाही. ज्या जागी वाळू जास्त, तिथे धातू कमी दिसणार, मग प्रदूषण कितीही असो. चाळणी लावलेला पेपर आणि न लावलेला पेपर यांचे आकडे शेजारी ठेवून 'वाढलं' किंवा 'घटलं' म्हणता येत नाही. आम्लाचंही तसंच आहे. अम्लराज, म्हणजे अ‍ॅक्वा रेजिया, सिलिकेट खनिजं पूर्ण विरघळवत नाही. त्याला हायड्रोफ्लोरिक आम्ल लागतं. तेव्हा दोन पेपरांतला फरक कधी खाडीतला असतो, कधी नुसता बीकरमधला. तक्ता भरला की कळतं की पुष्कळ लिखाण असणं आणि उत्तर मिळालेलं असणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

आता समज, तुझ्या तक्त्याच्या शेवटच्या स्तंभात जवळजवळ सगळीकडे एकच प्रश्न निघाला: एकूण धातू किती. फोनवर तू जे सांगत होतीस त्यावरून मला तरी तसंच वाटतं. तर मग संपलाय तो हा प्रश्न. खाडी संपलेली नाही. एकूण आकडा हे सांगत नाही की त्यातला किती भाग खनिजाच्या आत कायमचा बंद आहे आणि किती पाण्याची आम्लता जराशी बदलली की सुटेल. चिखलात राहणाऱ्या निवट्यांना आणि शिंपल्यांना त्रास होतो तो या सुटणाऱ्या भागाचा. तो मोजायची ठरलेली पद्धत आहे, बीसीआर नावाची, तीन पायऱ्यांची. एक ग्रॅम गाळाला आधी सौम्य अ‍ॅसेटिक आम्ल, मग हायड्रॉक्सिलअमाईन, मग हायड्रोजन पेरॉक्साईड आणि अमोनियम अ‍ॅसिटेट. प्रत्येक पायरीत सोळा तास हलवत ठेवायचं. पहिल्या पायरीत जे सुटतं ते सगळ्यात सैल. शेवटी जो गाळ उरतो, त्यातला धातू घट्ट.

मग विषय बदलायचा म्हणजे खाडी सोडायची नाही, प्रश्न बदलायचा. जागा त्याच, भरतीओहोटीचं वेळापत्रक तेच, होडीवाला तोच. ठाणे खाडीचा काही भाग 2015 पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय चिखलात पाय घालता येत नाही. नव्या जागा धरल्यास तर तो अर्ज पुन्हा पहिल्यापासून. हातात परवानगी असलेल्या जागा सोडू नकोस; कामात बदल होतोय हे मात्र वनखात्यालाही कळव.

पण एक अडचण आहे आणि ती मेलमध्ये लपवायची नाही. तू मेमध्ये काढलेले नमुने ओव्हनमध्ये वाळवलेस. एकूण धातूसाठी ते चालतं. या नव्या प्रश्नासाठी नाही. खाडीच्या त्या काळ्या, सडक्या अंड्याचा वास येणाऱ्या चिखलात प्राणवायू नसतो आणि धातू गंधकाला बांधलेले असतात. हवा लागली की ते बंध तुटतात आणि घट्ट धातू सैल दिसायला लागतो. हे डोळ्यांनीही कळतं: काळा गाळ उघडा ठेवला की वरून तपकिरी होत जातो. म्हणून नवे नमुने डबा काठोकाठ भरून, हवा न ठेवता आणायचे, थंड ठेवायचे, आणि निदान पहिल्या दोन पायऱ्या ओल्या गाळावर, नायट्रोजनखाली करायच्या. एका वेगळ्या चिमटीतून ओलावा काढून कोरडं वजन हिशोबाने धरायचं. तुझ्या विभागात नायट्रोजनची सोय आहे का, हे मेल करण्याआधी प्रयोगशाळेतल्या सहायकांना विचारून घे. सोय नसेल तर हा प्रस्ताव पाठवायचाच नाही, दुसरा शोधायचा.

वेळेचा हिशोबही मांड. सहा जागा, प्रत्येकी तीन नमुने, पावसाळ्याआधी आणि नंतर, असे 36. हलवायच्या यंत्रात एका वेळी बारा नळ्या बसतात म्हणालीस. त्यात एक कोरी, एक प्रमाणित संदर्भ गाळ, एक दुबार. उरल्या नऊ. म्हणजे चार घाण्या, एकेकीला आठवडा धरला तर महिना. पण मेचे नमुने वाळलेले आहेत आणि पुढचा मे तुझ्या सबमिशननंतर येतो. तेव्हा तुला एकच ऋतू मिळणार, 18 नमुने, दोन आठवड्यांचं काम. हे खरं आहे तसं लिही. ऋतूंची तुलना सोडून दे; एका ऋतूत सहा जागांची तुलना एवढंच एम.एस्सी.ला पुरतं.

आणखी एक नाजूक गोष्ट. खाडीवर काम करणारी माणसं मोजकी आहेत. तुझ्या तक्त्यातल्या दोनचार ओळी तुझ्या सरांच्याच पेपरांच्या असणार. 'त्याच त्या पद्धतीचं काम झालंय' असं लिहिलंस तर ते त्यांच्यावर जातं. त्यांची कामं नाव घेऊन आधार म्हणून मांड, कारण ती खरोखर आधार आहेत: एकूण धातू माहीत नसता तर त्यातला सैल किती, हा प्रश्न विचारताच आला नसता.

आता मेल. तुमच्याकडे तो इंग्रजीत जाईल, पण आधी मराठीत नीट मांड, म्हणजे पोकळ वाक्यं आपोआप गळतात. मी लिहिलं असतं ते असं:

विषय: प्रबंधाच्या प्रश्नात बदल सुचवते आहे, जागा त्याच. आपली वेळ हवी होती.

"आदरणीय सर, ठाणे खाडीतील गाळात एकूण धातू किती याऐवजी त्यातला सहज सुटणारा भाग किती, असा प्रश्न घ्यावा का, हे विचारण्यासाठी लिहिते आहे. मी जुन्या आणि नव्या नावांनी शोध घेतला आणि वाचलेल्या पेपरांचा एक पानी तक्ता सोबत जोडला आहे. त्यात बहुतेक कामं एकूण प्रमाणाची आहेत. चाळणी आणि आम्ल वेगवेगळं असल्याने आणखी एक एकूण आकडा देऊन फारसं काही सिद्ध होणार नाही असं मला वाटतं. आपल्या पेपरांमधले आकडे मी पायाभूत म्हणून वापरीन.

सहा जागा त्याच राहतील. बीसीआर पद्धतीने 18 नमुने, दोन आठवड्यांचं प्रयोगशाळेतलं काम. मेचे नमुने मी वाळवले असल्याने ते यासाठी वापरता येणार नाहीत. ऑक्टोबरमध्ये नव्याने घ्यावे लागतील. त्यामुळे ऋतूंची तुलना होणार नाही. संदर्भ गाळ विकत घ्यावा लागेल किंवा उसना मिळवावा लागेल, याबाबत आपलं मार्गदर्शन हवं आहे.

आपल्याला हे योग्य वाटलं नाही तर मूळ विषयच, पण 63 मायक्रॉनची चाळणी लावलेल्या एका जुन्या पेपरच्या जागांवर तीच पद्धत वापरून, पुढे नेईन. या आठवड्यात वीस मिनिटं मिळतील का?"

बघ, यात दुसरा पर्यायही आहे आणि तोही कच्चा नाही. जुन्या जागी, जुन्याच पद्धतीने पुन्हा मोजलं तरच इतक्या वर्षांत काय बदललं ते सांगता येतं. सरांनी तो निवडला तर वाईट वाटून घेऊ नकोस, पण मग त्या जुन्या पेपरात आम्लाचं प्रमाण आणि तापमान पूर्ण दिलंय का ते आधी तपास. नसेल तर तोही पर्याय मेलमधून काढ.

तक्ता एकाच पानाचा ठेव. ओळी जास्त झाल्या तर सगळ्यात जुन्या, सगळ्यात नव्या आणि सरांच्या ओळी ठेव, बाकीचा पूर्ण तक्ता भेटीला छापून ने. मेलची प्रत दुसऱ्या कुणाला लावू नकोस. विभागप्रमुखांना तो सरांकडूनच जाऊ दे. सर हो म्हणाले तर त्याच भेटीत विचारून घे की नोंदवलेलं शीर्षक बदलायचा अर्ज कोणत्या तारखेपर्यंत द्यायचा आणि समितीची बैठक कधी. ऑक्टोबरचे नमुने तो कागद हातात आल्यावरच काढायला जा.