अर्धवट बोधचिन्ह पूर्ण करताना : होडीची नाळ आरशात सापडत नाही

प्रमाणपत्रं छापायला आलेली, आणि आमच्या रत्नागिरीतल्या शाळेचं जुनं गोल बोधचिन्ह स्कॅनमध्ये उजवीकडून कापलेलं! मध्ये शिडाची होडी, भोवती ठिपक्यांचं कडं आणि वरच्या कमानीत शाळेचं नाव. होडीची नाळ म्हणजे पुढचं टोक आणि ‘रत्नागिरी’मधलं शेवटचं ‘गिरी’ गायब.

आधी किती गेलंय ते मोजलं. चित्राची उंची वरून खालपर्यंत शाबूत होती, 520 पिक्सेल. वर्तुळ असल्याने रुंदीही तेवढीच हवी. दिसत होती 360, म्हणजे 160 गेले. पण स्कॅन ताणला गेला असेल तर? मुलांना येणारा पायथागोरस इथे कामाला आला. त्रिज्या 260, कापलेली कड केंद्रापासून 360 − 260 = 100 वर; म्हणून अर्धी जीवा 240, पूर्ण 480. पडद्यावर कापलेल्या कडेची लांबी मोजली, तीही 480 भरली. वर्तुळ खरं होतं. ती बरीच वेगळी आली असती, तर पुढचं सगळं वाकडं झालं असतं.

मग GIMP मध्ये `Image > Canvas Size` मधून रुंदी 520 केली, जुनं चित्र डावीकडेच ठेवून. डावीकडची 160 पिक्सेलची पट्टी कॉपी करून नव्या थरावर चिकटवली, `Flip Horizontally` ने उलटवली आणि 360 वर नेऊन बसवली. कडं आणि ठिपके छान जुळले. होडीला मात्र दोन्हीकडे मागचाच भाग आला, अक्षरं उलटी झाली, आणि डावीकडचा शाईचा डाग उजवीकडेही उमटला! (असे जुळे डाग दिसले की ओळखावं, इथे आरसा वापरलाय.)

म्हणून त्या पट्टीतलं फक्त कडं ठेवलं, बाकी पुसलं.

अक्षरांचं पाहू. ‘री’साठी आधीचाच ‘र’ घेतला. तो नुसता सरकवून चालत नाही. शिरोरेषा कमानीत वळलेली असते. `Rotate` मध्ये केंद्र 260, 260 देऊन फिरवला, तेव्हा शिरोरेषा जुळली. दुसरी वेलांटी हाताने काढली. ‘गि’ मात्र दुसरीकडूनच मिळायला हवा होता.

आणि नाळ? उरलेल्या चित्रावरून ती ठरवताच येत नाही. टोक उंच की बसकं, त्यावर निशाण आहे की नाही, हे अंदाजाने काढलं तर ते आपलं चित्र होतं, शाळेचं नव्हे. एका माजी विद्यार्थ्याच्या जुन्या दाखल्यावर रबरी शिक्का सापडला. त्यातलं वर्तुळ जेमतेम 130 पिक्सेलचं, म्हणून चौपट मोठं केलं. कडा फुटल्या, पण आकार कळला. तो फिकट करून खाली ठेवला आणि वरून नाळ व ‘गि’ गिरवले. टोकावर छोटं निशाण होतं. आमच्यापैकी कुणालाच ते आठवत नव्हतं.