मालकाला पत्र लिहायचं तर मृगाच्या आधी

बाळा, बदनापुरात भाड्यानं राहतोस, तर ही गोष्ट आधी ध्यानात ठेव. स्लॅब गळतो ही तक्रार लोक पावसाळ्यात करतात, आणि तेव्हा तिचा काही उपयोग नसतो. ओल्या स्लॅबवर लेप धरत नाही, मिस्त्रीही सापडत नाही. पत्र फेब्रुवारी-मार्चमध्ये गेलं पाहिजे आणि काम एप्रिल-मेच्या कडक उन्हात झालं पाहिजे. ७-८ जूनला मृग लागतो, त्याआधी गच्ची कोरडी करून झाकलेली असावी.

पत्र लिहायच्या आधी दुखणं नीट ओळख. छतावरच्या ओलीभोवती पेन्सिलनं रेघ ओढ, शेजारी तारीख टाक आणि फोटो काढ. पाऊस नसतानाही ओल वाढत असेल तर दोष टाकीत किंवा नळाच्या पाइपात आहे, स्लॅबमध्ये नाही. ओल फक्त पावसानंतर येत असेल तर गच्चीवर जा. पाणी साचून वाळल्याचे डाग कुठं दिसतात, कठड्याच्या बुडाला भेग आहे का, ते पाहा. खात्री होत नसेल तर मालकाला विचारून गच्चीवर मातीची पाळ घाल, दोन बोटं पाणी साठव आणि एक दिवस थांब. खाली ओल उतरली की वाद मिटतो. उतार उलटा असून पाणी साचत असेल, तर नुसता लेप दोन पावसाळेही टिकणार नाही. आधी उतार करून घ्यावा लागतो, आणि तसं पत्रात लिहावं लागतं.

मग दोन मिस्त्र्यांकडून अंदाज घे. सामान वेगळं, मजुरी वेगळी, असं कागदावर लिहून घे. तोंडी आकड्यावर मालक कधी विश्वास ठेवत नाही, आणि ते बरोबरच आहे.

आता खर्चाची वाटणी. इथं मनाला येईल तसं लिहू नकोस, एखादा आधार धर. केंद्र सरकारनं २०२१ मध्ये आदर्श भाडेकरार कायद्याचा नमुना काढला. तो महाराष्ट्रात आपोआप लागू होत नाही, पण कुठलं काम कुणाचं याची त्यात सरळ यादी आहे. इमारतीच्या मूळ बांधकामाची दुरुस्ती, भिंतींना रंग, पाइप आणि वायरिंग हे मालकाकडं. नळाच्या तोट्या, मोरीची सफाई, स्विच-सॉकेट, कुलपं, मच्छरजाळी बदलणं हे भाडेकरूकडं. या यादीवर बोट ठेवून बोललास तर मालकालाही तुझं म्हणणं हट्टाचं वाटत नाही.

समज, भाडं महिन्याला ४,००० रुपये आहे. तर पत्र असं लिही:

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.
आपल्या घरात आम्ही सुखानं राहतो. पावसाळ्यापूर्वी काही दुरुस्त्या होणं गरजेचं आहे. दोन मिस्त्र्यांचे अंदाज आणि फोटो सोबत जोडले आहेत. खर्चाच्या वाटणीचा तक्ता खाली देत आहे. आपल्याला सोयीच्या दिवशी घर पाहायला यावं, ही विनंती. स्लॅबचं काम मे महिन्याच्या १५ तारखेपर्यंत व्हावं.

| काम | अंदाज (रु.) | मालक | भाडेकरू |
|---|---|---|---|
| स्लॅबच्या भेगा भरून लेप, २०० चौ. फूट × ४५ | ९,००० | ९,००० | – |
| अर्थिंग आणि जुनी वायर बदलणे | ३,६०० | ३,६०० | – |
| नळाच्या दोन तोट्या | ६०० | – | ६०० |
| खिडक्यांना नवीन जाळी | १,८०० | ९०० | ९०० |
| आतून रंग | ६,००० | ३,००० | ३,००० |
| एकूण | २१,००० | १६,५०० | ४,५०० |

आपली संमती असल्यास खर्च मी करतो, बिलं आपल्याला देतो आणि आपला वाटा दरमहा १,५०० रुपये याप्रमाणे ११ महिने भाड्यातून वळता करून घेतो. आपल्याला स्वतः सामान आणून काम करून घ्यायचं असेल तर तेही चालेल.

हे आकडे नमुन्याचे आहेत, भाव तू बाजारात विचारून टाक. पण वाटणीमागचा विचार नीट पाहा. रंग यादीप्रमाणं मालकाचा आहे, तरी आपण अर्धा घेतला. जाळी आधी नव्हतीच, नवी बसवायची आहे आणि घर सोडल्यावर ती तिथंच राहणार, म्हणून अर्धी-अर्धी. दोन ठिकाणी आपण वाकलो, तर स्लॅब आणि वायरिंगवर ठाम राहता येतं. अर्थिंगचं काम तर कशाच्याही बदल्यात सोडू नकोस, तिथं जिवाचा प्रश्न आहे.

पत्राची दुसरी प्रत घे आणि तिच्यावर 'मिळाले' अशी तारखेसह सही घे. सही द्यायला मालक तयार नसेल तर पोचपावतीसह टपालानं पाठव. होकार आला तर तोही दोन ओळींत लिहून घे, विशेषतः भाड्यातून वळते करण्याचा. फोनवरचा होकार सहा महिन्यांनी कुणालाच आठवत नाही.

आणि उत्तरच आलं नाही तर? महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ प्रमाणं, करारात वेगळं ठरलं नसेल तर घर राहण्याजोगं ठेवणं मालकावर बंधनकारक आहे. निदान १५ दिवसांची लेखी नोटीस देऊन वाजवी वेळ थांबल्यावर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून कापू शकतो. पण एका वर्षात कापायची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापेक्षा जास्त नसावी. आपल्या उदाहरणात वर्षाचं भाडं ४८,००० रुपये, म्हणजे मर्यादा १२,०००. स्लॅब आणि अर्थिंगचेच १२,६०० होतात, म्हणून वरचे ६०० पुढच्या वर्षावर जातात. मालकाच्या संमतीनं १६,५०० वळते करणं वेगळं आणि कायद्याच्या जोरावर कापणं वेगळं, यात गल्लत करू नकोस. बिलं जपून ठेव, हिशेब त्यांच्यावरच उभा राहतो.

हे कलमही सगळ्यांना लागू नाही. तो कायदा ठरावीक क्षेत्रांपुरता आहे, आणि ११ महिन्यांचा 'लिव्ह अँड लायसन्स' करार असेल तर तू भाडेकरू नसून परवानाधारक ठरतोस. तेव्हा करारात दुरुस्तीबद्दल काय लिहिलंय ते आधी वाच, आणि एक रुपयाही कापण्याआधी जालन्याला एखाद्या वकिलाला करार दाखव.

रागाच्या भरात भाडं मात्र थांबवू नकोस. गळक्या घराचं भाडं अडवलं की गळती बाजूला राहते आणि थकबाकीदार तू ठरतोस. भाडं वेळेवर दे, दर महिन्याला पावती घे, आणि पुढचा करार करताना दुरुस्तीचं कलम आधीच त्यात लिहून घे.