सहलीचं लांबलचक पत्रक चार ओळींत कसं उतरवायचं?



मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीत एक ताई गप्प बसून होत्या. विचारलं तर म्हणाल्या, "पोरीची सहल हुकली. पैसे डब्यात तयार होते, पण पैसे भरायची तारीख वेगळी होती हे माझ्या ध्यानातच आलं नाही." ताईंनी पत्रक वाचलं होतं. पण पानभर मजकुरात कामाची ओळ खाली कुठेतरी होती. म्हणून या वेळचा पाठ याच कागदाचा.

शाळेची पत्रकं साधारण अशी असतात. हा आपल्या सरावासाठी केलेला नमुना आहे :

"दि. 22 डिसेंबर. सर्व पालकांस कळविण्यात येते की, विद्यार्थ्यांना ऐतिहासिक वारशाची माहिती व्हावी या हेतूने इ. 7 वी ची एकदिवसीय शैक्षणिक सहल शुक्रवार दि. 9 जानेवारी रोजी वेरूळ व दौलताबाद येथे आयोजित केली आहे. विद्यार्थ्यांनी पहाटे 5.30 वा. शाळेच्या प्रांगणात उपस्थित राहावे. बस 6 वा. निघेल व रात्री 9 च्या सुमारास परत येईल. शुल्क रु. 550 असून त्यात प्रवास व दुपारचे जेवण समाविष्ट आहे. शुल्क व संमतीपत्र दि. 2 जानेवारीपर्यंत वर्गशिक्षकांकडे जमा करावे. ऐनवेळी न आल्यास शुल्क परत मिळणार नाही. सोबत पाण्याची बाटली, नाश्ता, स्वेटर, वही-पेन व ओळखपत्र आणावे. मोबाईल व दागिने आणू नयेत."

आता हातात पेन्सिल घ्या. पहिल्यांदा वाचताना सगळं समजून घ्यायच्या मागे लागू नका. तारखेला गोल करा, पैशाला चौकोन, आणायच्या वस्तूंखाली रेघ आणि सही किंवा संमती असा शब्द आला की फुली. वारसा, हेतू वगैरे सोडून द्या.

तारखा. इथे गोल तीन झाले. 22 डिसेंबर ही पत्रक काढल्याची तारीख, ती आपल्या कामाची नाही. 2 जानेवारी ही पैसे आणि कागद द्यायची शेवटची तारीख, तीच सगळ्यात वर लिहा. 9 जानेवारी सहलीची. वेळाही दोन आहेत : बस 6 ला, पण पोर शाळेत 5.30 ला हवं. रात्री 9 ला आणायला कोण जाणार, तेही आजच ठरवा.

पैसे. 550 या आकड्यापुढे "यात काय आणि यात काय नाही" असं लिहा. प्रवास आणि दुपारचं जेवण आहे. नाश्ता घरून आहे. रात्रीच्या जेवणाचं पत्रकात काहीच नाही, तिथे प्रश्नचिन्ह टाका आणि गुरुजींना किंवा बाईंना विचारा. अंदाजाने भरू नका. गटातून अंतर्गत कर्ज लागणार असेल, तर 2 तारखेच्या आधीच्या बैठकीतच मागणी ठेवा. 9 च्या आधीची बैठक धरली तर उशीर होईल.

वस्तू. "आणावे" आणि "आणू नये" अशा दोन वेगळ्या ओळी करा. एकत्र लिहिलं की घाईत मोबाईलही पिशवीत जातो.

संमतीपत्र. बऱ्याचदा ते पत्रकाच्या खालीच असतं, कापून द्यायचं. कोरं असताना सही करू नका. आधी मुलाचं नाव आणि आपला चालू असलेला फोन नंबर भरा. पोराला दमा, फिट येणं, गाडी लागणं असं काही असेल, तर त्यासाठी जागा नसली तरी खाली लिहा. कापून देण्याआधी वरच्या भागाचा फोटो काढा किंवा चार ओळी वहीत उतरवा, नाहीतर तारखा कागदाबरोबर शाळेतच जातात.

वहीत शेवटी हे उरतं :

1. तारीख : 2 जाने. पर्यंत पैसे + कागद. सहल 9 जाने. शुक्रवार, पहाटे 5.30 शाळेत, रात्री 9 ला परत.
2. पैसे : 550. प्रवास, दुपारचं जेवण धरून. न गेल्यास परत नाही. रात्रीचं जेवण?
3. न्यायचं : पाणी, नाश्ता, स्वेटर, वही-पेन, ओळखपत्र. न्यायचं नाही : मोबाईल, दागिने.
4. संमतीपत्र : नाव, फोन, आजार भरून सही.

ज्या ताईंना वाचायला अवघड जातं, त्यांनी पोराकडून पत्रक मोठ्यानं वाचून घ्यावं आणि चारच प्रश्न विचारावेत : कधीपर्यंत, किती, काय न्यायचं, सही कुठे? उत्तर आलं की त्या ओळीवर बोट ठेवायला सांगा. पोरं पाठ म्हणून सांगतात, त्यात तारीख चुकते. बोट ठेवलं की चूक तिथंच सापडते.

घरात एखादं पत्रक पडलं असेल, तर पुढच्या बैठकीला घेऊन या. आपण मिळून त्यावर गोल-चौकोन करू.

तुमची क्षेत्र समन्वयक