आद्याक्षरांच्या आडून

प्रश्न: मी ऐरोलीतल्या एका आयटी कंपनीत काम करते. अमेरिकेतल्या क्लायंटच्या मेलमध्ये ‘सॉरी फॉर द स्नाफू’ असं वाचलं. शब्द आवडला म्हणून मी तो आमच्या रिपोर्टमध्ये वापरला, तर शेजारचा सहकारी हसत म्हणाला, “अगं, शिवी आहे ती, काढ आधी!” शब्दकोशात मात्र ‘गोंधळ, घोटाळा’ एवढंच सापडतं. खरं काय? आणि हाच सहकारी उठसूट ‘केएलपीडी झाली’ म्हणत असतो, तेव्हा कुणीच कसं हसत नाही?
— एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर: तुमचा सहकारीही बरोबर आहे आणि शब्दकोशही. स्नाफू ही जन्मानं शिवी आहे, पण आता ती नोकरीधंद्याला लागून सभ्य झालेली आहे.

ही पाच आद्याक्षरं आहेत: ‘सिच्युएशन नॉर्मल, ऑल एफ… अप’. मधल्या एफच्या जागी इंग्रजीतली ती सर्वपरिचित चार अक्षरी शिवी. मराठीत सांगायचं तर ‘परिस्थिती नेहमीसारखीच, म्हणजे सगळा बट्ट्याबोळ’. विनोद शिवीत नाही, ‘नॉर्मल’ या शब्दात आहे. ‘परिस्थिती सर्वसाधारण’ हे लष्करी अहवालात शोभणारं वाक्य. शिपायानं ते जसंच्या तसं उचललं आणि पुढे फक्त खरं काय ते जोडलं. वरिष्ठांनी अहवालावर नजर टाकली तर पहिले दोन शब्द अगदी शिस्तीतले दिसावेत, ही त्यातली गंमत.

हा शब्द रणधुमाळीत जन्मला असावा असं आपल्याला वाटतं, पण तो छापलेला सापडतो 1941 च्या सप्टेंबरात. अमेरिका युद्धात उतरली ती त्या वर्षीच्या डिसेंबरात, पर्ल हार्बरनंतर. त्याच्या वर्षभर आधी मात्र तिथे सक्तीची सैन्यभरती सुरू झाली होती. म्हणजे शब्द आला तो छावणीतून. काल-परवापर्यंत दुकानात किंवा शेतावर काम करणारी पोरं एकदम रांगा, फॉर्म, शिक्के आणि लघुरूपं यांच्या राज्यात येऊन पडली होती. प्रत्येक खात्याला, प्रत्येक हुद्द्याला आद्याक्षरं. त्यांनी त्याच पद्धतीची नक्कल करून स्वतःची लघुरूपं बनवली. ऑफिसातल्या कंटाळ्यातून हा विनोद निघाला, म्हणून पुढे ऑफिसांनाच तो इतका मानवला.

मग शब्दाची धुलाई सुरू झाली. 1942 च्या मध्यावर ‘टाइम’ साप्ताहिकानं पेट्रोलच्या रेशनिंगच्या गोंधळाला सरळ ‘स्नाफू’ म्हटलं. पुढच्या वर्षी खुद्द सैन्यानंच ‘प्रायव्हेट स्नाफू’ नावाचे छोटे व्यंगपट काढले. त्यामागे होते चित्रपट दिग्दर्शक फ्रँक काप्रा. वॉर्नर ब्रदर्सच्या स्टुडिओत चक जोन्स यांच्यासारख्या मंडळींनी ते बनवले आणि काहींचं लेखन पुढे ‘डॉक्टर स्यूस’ म्हणून घराघरांत पोचलेल्या थिओडोर गाइझेल यांनी केलं. गुपितं फोडणारा, मच्छरदाणी न लावणारा, सगळं उलटं करणारा हा शिपाई. तसं वागलं की काय होतं ते बाकीच्यांनी त्याच्याकडे बघून शिकायचं. पहिल्याच पटात निवेदक नावाचा अर्थ सांगतो: ‘सिच्युएशन नॉर्मल, ऑल… ऑल फाउल्ड अप’. मध्ये तो किंचित अडखळतो. प्रेक्षागृहात फक्त सैनिक, त्यांना मूळ शब्द तोंडपाठ. त्या अडखळण्यावरच हशा पिकत असणार. सरकारी खर्चानं घेतलेला इतका चावट विराम मला तरी दुसरा माहीत नाही.

‘फाउल्ड अप’ हे त्या एफचं धुतलेलं रूप, आणि अशी लघुरूपं ओळखण्याची सर्वांत सोपी खूणही तीच. एकाच अक्षराचे दोन अर्थ सांगितले जात असतील आणि त्यातला एक कुणी एरवी बोलण्यात वापरतच नसेल, तर तो नंतर घातलेला आहे असं समजावं. तुमच्या क्षेत्रातलं ‘आरटीएफएम’ घ्या. बाळबोध प्रश्न विचारणाऱ्याला ‘आधी मॅन्युअल वाच’ असं खडसावण्यासाठी ते वापरतात. त्यातला एफ म्हणजे ‘फाइन’, असं नव्या माणसाला गंभीर चेहऱ्यानं सांगतात. पण चिडलेला माणूस मॅन्युअलला ‘फाइन’ कशाला म्हणेल?

स्नाफूचा एक दांडगा भाऊही आहे, ‘फुबार’. म्हणजे ‘ओळखू न येण्याइतकी वाट लागलेलं’, सुरुवातीला पुन्हा तोच एफ. ‘यांक’ या अमेरिकी सैनिकांच्या साप्ताहिकात तो 1944 च्या जानेवारीत दिसतो. तुमच्या कंपनीत प्रोग्रामिंग शिकवताना उदाहरणाच्या चलांना `foo` आणि `bar` अशी नावं देतात ना? त्या जोडीवर फुबारची सावली आहे. पूर्ण जन्मकथा मात्र तशी सरळ नाही. ‘फू’ हा निरर्थक शब्द युद्धाआधीच, 1930 च्या दशकात, बिल होलमन यांच्या ‘स्मोकी स्टोव्हर’ या चित्रपट्टीत जागोजागी लिहिलेला असे. तो आणि सैनिकांचा फुबार नंतर एकमेकांत मिसळले. इंटरनेटचे तांत्रिक दस्तऐवज ज्या मालिकेत निघतात, तिच्यात 2001 च्या 1 एप्रिलला या शब्दाच्या व्युत्पत्तीवर एक अख्खा दस्तऐवज निघाला. तारखेवरून काय ते समजा.

आता तुमचा दुसरा प्रश्न, जो मला जास्त रंजक वाटतो. ‘केएलपीडी’ हे आपल्याकडचं स्नाफूच आहे, फक्त न धुतलेलं. मूळ वाक्प्रचार हिंदी. ऐन वेळी, अगदी सज्ज असताना झालेला दगा, असा त्याचा भाव, आणि ‘एल’ म्हणजे पुरुषाच्या अवयवाचं बाजारू नाव. एवढ्यावर उरलेली अक्षरं तुम्ही लावालच. कॉलेजच्या कट्ट्यावरून ते ऑफिसात आलं. रिलीज शेवटच्या क्षणी रद्द झाली, कबूल केलेलं ऑनसाइट दुसऱ्यालाच मिळालं, की ‘केएलपीडी’. ज्या मुली ते बिनदिक्कत म्हणतात, त्यांतल्या काहींना पूर्ण रूप माहीत नसतं आणि काहींना पक्कं माहीत असतं. ऐकणाऱ्याला यातलं काहीच ठरवता येत नाही, म्हणून कुणी हसत नाही.

पण शिवी लपवायला आपल्यालाही इंग्रजी अक्षरंच का लागतात? याचं कारण लिपीत आहे. देवनागरीत अक्षराचं नाव म्हणजेच त्याचा उच्चार. ‘भ’ म्हटलं की शिवीचा पहिला अवयव तोंडातून निघालेलाच असतो. म्हणून तर ‘भ’ची बाराखडी म्हटल्यावर पुढचं कुणाला सांगावं लागत नाही. इंग्रजी ‘के’ किंवा ‘एल’ या नावांतून मात्र मूळ हिंदी शब्द ऐकू येत नाही. पडदा दुहेरी होतो: एक आद्याक्षरांचा, दुसरा परक्या लिपीचा. शिवाय केवायसी, पीएफ, एचआर यांच्या गर्दीत आणखी एक लघुरूप सहज खपून जातं.

आडोसा एकच असला की त्याच्यामागे कोण उभं आहे ते दिसत नाही, याचा नमुना म्हणजे ‘एमसी’. पोरांच्या तोंडी ती आईवरची शिवी. आपल्या आया-मावश्यांच्या तोंडी मात्र ‘एमसी आली’ म्हणजे मासिक पाळी, तीही चारचौघांत नाव घ्यायचं नाही म्हणूनच अक्षरांत गुंडाळलेली. आणि सोसायटीच्या नोटिशीवर ‘एमसी मीटिंग’ म्हणजे मॅनेजिंग कमिटीची बैठक. काही बैठकांना पहिला अर्थही लागू पडतो, ते सोडा.

‘एमटीएनएल’ म्हणजे ‘मेरा टेलिफोन नहीं लगता’ ही मुंबईतली जुनी थट्टा मात्र वेगळ्या जातीची. तिथे अक्षरं आधी होती, अर्थ नंतर बसवला. लपवायचं काही नव्हतं, उलट सगळ्यांना कळावं हाच हेतू होता.

तेव्हा रिपोर्टमधलं स्नाफू राहू द्या. अमेरिकी वर्तमानपत्रं ते बिनधास्त छापतात. फक्त तो शब्द चेष्टेचा आहे, हे ध्यानात ठेवा. कुणाचे पैसे बुडाले असतील किंवा क्लायंट संतापलेला असेल तर सरळ ‘चूक’ म्हणा. फुबार मेलमध्ये नको, त्याची धुलाई अर्धवटच झाली आहे. आणि सहकाऱ्याला सांगा, एचआरच्या बाईंनी पूर्ण रूप विचारलं तर स्नाफूला ‘फाउल्ड’चा आधार आहे, केएलपीडीच्या ‘एल’ला तसा काहीच नाही.

प्रश्न: न्हावा-शेव्याच्या बंदरात क्लिअरिंगच्या कामात माझी सगळी नोकरी झाली. आमच्या निवृत्तांच्या ग्रुपवर आलं की पूर्वी जहाजातून वाळलेलं शेण नेत, ते भिजलं की मिथेन होऊन स्फोट होई, म्हणून गठ्ठ्यांवर ‘शिप हाय इन ट्रान्झिट’ असं छापत आणि त्यावरून इंग्रजीतला विष्ठेचा शब्द आला. खरं आहे का?
— एक वाचक, उरण

उत्तर: नाही. तो शब्द जुन्या इंग्रजीतला, हजार वर्षांहून जुन्या घराण्यातला. जर्मन आणि डच भाषांत त्याची सख्खी भावंडं आहेत, आणि ती काही जहाजाच्या शिक्क्यावरून जन्मलेली नाहीत. आद्याक्षरं जोडून उच्चारायचा शब्द बनवण्याची चालच मुळात विसाव्या शतकातली. त्याआधी तिची उदाहरणं फार तुरळक. म्हणून शब्द त्याहून जुना असेल आणि त्याची लघुरूपाची गोष्ट कुणी सांगत असेल, तर तारीख बघूनच ती निकालात काढता येते.

मुंबईच्या वाट्याला अशी एक सभ्य दंतकथाही आली आहे. ‘पॉश’ म्हणजे ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’. विलायतेहून मुंबईला येताना डावीकडची आणि परतताना उजवीकडची केबिन सावलीत राहते, म्हणून पी अँड ओ कंपनी श्रीमंतांच्या तिकिटांवर ही चार अक्षरं मारत असे, अशी ती कथा. भूगोल ठीक आहे, कारण सुएझपासून इकडे येताना डावी बाजू बहुतांशी उत्तरेकडे असते. पण तसा शिक्का असलेलं एकही तिकीट आजवर सापडलेलं नाही. शब्द पहिल्या महायुद्धाच्या सुमाराला छापलेला दिसतो आणि ही गोष्ट त्यानंतर बऱ्याच वर्षांनी सांगितली जाऊ लागते. शेणाच्या गठ्ठ्यांचंही तेच. तुम्ही बंदरातले आहात, तेव्हा ग्रुपवर कागदच मागा: त्या शिक्क्याचं एखादं बिल ऑफ लेडिंग कुणी दाखवेल का?