उलटीत गेलेली गोळी धरायची नाही

ॲड्रिनल ग्रंथी पुरेसे कॉर्टिसोल तयार करत नाही अशा मुलाच्या घरात एक नियम पाठ असतो: ताप आला की स्टिरॉइडची गोळी दुप्पट. हा नियम मला अपुरा वाटतो, आणि मूल उलट्या करत असेल तर तो धोक्याचा ठरतो. आजारपणात शरीराला किती कॉर्टिसोल लागेल हे रोजच्या गोळीवरून ठरत नाही, शरीराच्या आकारावरून ठरते. डॉक्टर हा आकार पृष्ठफळात मोजतात: सेंटिमीटरमधली उंची गुणिले किलोमधले वजन, भागिले ३६००, आणि जो आकडा येईल त्याचे वर्गमूळ. उत्तर चौरस मीटरमध्ये मिळते. मोबाइलवरच्या कॅल्क्युलेटरवर हे अर्ध्या मिनिटात होते.

समजा, चार वर्षांची दोन मुले आहेत. दोघांचीही उंची १०० सेंटिमीटर आणि वजन १६ किलो. दोघांचे पृष्ठफळ ०.६७ चौरस मीटर भरते. एकाला जन्मजात ॲड्रिनलचा आजार आहे. त्याच्या ग्रंथीला आवरही घालावा लागतो, म्हणून त्याचा रोजचा हायड्रोकॉर्टिसोनचा डोस थोडा चढा, दर चौरस मीटरला १२ मिलिग्रॅमच्या हिशेबाने दिवसाला ८ मिलिग्रॅम आहे. दुसऱ्याची पिट्युटरी ग्रंथी आदेश देत नाही, त्याला ५ मिलिग्रॅम पुरतात. ताप आल्यावर दोघांचा डोस दुप्पट केला तर पहिल्याला १६ मिळतात आणि दुसऱ्याला १०. आजारपणासाठी सर्रास धरला जाणारा हिशेब दर चौरस मीटरला दिवसाला किमान ३० मिलिग्रॅमचा आहे. म्हणजे दोघांनाही सुमारे २० मिलिग्रॅम हवेत, सहा-सहा तासांनी ५ मिलिग्रॅम असे चार वेळा. दुप्पट करून पहिला या आकड्याच्या जवळ तरी पोहोचतो, दुसऱ्याला निम्माच डोस मिळतो. घरच्यांनी मात्र नियम अक्षरशः पाळलेला असतो.

यावर कोणी म्हणेल की दुप्पटचा नियम लक्षात ठेवायला सोपा आहे, रात्री दोन वाजता वर्गमूळ कोण काढणार? खरे आहे, आणि म्हणूनच ते रात्री दोन वाजता काढायचे नाही. मूल ठणठणीत असताना, प्रत्येक तपासणीच्या वेळी, डॉक्टरांकडून दोन आकडे लिहून घ्यायचे: आजारपणातला तोंडी डोस आणि इंजेक्शनचा डोस. कागदावर तारीख, उंची आणि वजनही हवे, कारण मूल वाढते आणि कागद आहे तसाच राहतो. हेच मूल ८६ सेंटिमीटर आणि १२ किलो असताना लिहिलेला कागद १६ मिलिग्रॅम सांगतो. आज त्याला २० हवेत.

पण हे सगळे गोळी पोटात राहते असे गृहीत धरून झाले. उलट्या सुरू झाल्या की हा हिशेबच मोडतो. ॲड्रिनलचे संकट बऱ्याचदा साध्या उलट्या-जुलाबांनी सुरू होते. एकीकडे गरज वाढते, दुसरीकडे औषध बाहेर पडते, आणि कॉर्टिसोल कमी पडले की त्यामुळेच पुन्हा उलटी होते. ज्यांना मीठ धरून ठेवण्यासाठी फ्लुड्रोकॉर्टिसोन लागते त्यांची ती गोळीही बाहेर येते आणि जुलाबातून मीठ आणखी जाते. लहान मुलांत साखरही लवकर उतरते, कारण उपाशीपोटी साखर टिकवण्याचे काम बऱ्याच अंशी कॉर्टिसोलच करते.

म्हणून गोळीनंतर अर्ध्या तासात उलटी झाली (काही डॉक्टर एक तास धरतात) तर ती गोळी धरायची नाही, पुन्हा द्यायची. तीही उलटून पडली तर तिसऱ्यांदा प्रयत्न नाही, मांडीच्या स्नायूत हायड्रोकॉर्टिसोनचे इंजेक्शन द्यायचे आणि रुग्णालयाकडे निघायचे. मूल सुस्त झाले, हाक मारल्यावर नीट जागे होईना, हातपाय गार पडले, चेहरा पांढरा पडला किंवा झटका आला, तर गोळी देऊन बघण्यातही वेळ घालवायचा नाही. उलटी थांबवण्याचे औषध आणि ओआरएस दोन्ही उपयोगी आहेत, पण कॉर्टिसोल त्यांपैकी कशातच नाही.

इंजेक्शनचा हिशेब दर चौरस मीटरला ५० ते १०० मिलिग्रॅम. आपल्या चार वर्षांच्या मुलासाठी तो ३३ ते ६७ येतो. घाईच्या वेळी सोपे जावे म्हणून वयानुसार पट्टेही ठरवलेले आहेत: तीन वर्षांखाली २५, तीन ते बारा ५०, पुढे १००. या मुलाचे ५० त्यात नेमके बसतात. मात्र अकरा वर्षांची, १४० सेंटिमीटर आणि ३६ किलोची मुलगी घ्या. तिचे पृष्ठफळ १.१८ भरते, म्हणजे ५० मिलिग्रॅममध्ये तिला चौरस मीटरमागे ४२ च मिळतात, किमान मर्यादेपेक्षा कमी. पट्टा वाईट नाही, पण त्याच्या वरच्या टोकाला मूल मोठे आणि डोस लहान होतो. ब्रिटनमध्ये तर सहा वर्षांपासूनच १०० देतात. अशा मुलांच्या पालकांनी डॉक्टरांना हा प्रश्न मुद्दाम विचारावा.

आता नेहमीची भीती: रोज ८ मिलिग्रॅम घेणाऱ्या मुलाला एकदम ५०? स्टिरॉइडने उंची खुंटते, वजन वाढते, हाडे ठिसूळ होतात, हे खरे आहे, पण ते महिनोन्‌महिने गरजेपेक्षा जास्त दिल्याने. एका इंजेक्शनने त्यातले काही होत नाही. गरज नसताना ते दिले गेले तर मूल एक रात्र कदाचित चिडचिडे राहील. गरज असताना दिले नाही तर मूल दगावू शकते. दोन्ही चुका सारख्या वजनाच्या नाहीत, म्हणून शंका असेल तेव्हा द्यावे या बाजूने माझे मत आहे. मोठ्या डोसचा आणखी एक फायदा असा की इतके हायड्रोकॉर्टिसोन मीठ धरून ठेवण्याचे कामही करते. डेक्सामेथासोनला ते जमत नाही, म्हणून हायड्रोकॉर्टिसोन हाताशी असताना त्याऐवजी ते चालवून घेऊ नये.

‘इंजेक्शन रुग्णालयातच देतील’ हा आक्षेप अंतराचा विचार करत नाही. गाडी मिळणे, रस्ता, केसपेपर आणि ‘आधी रिपोर्ट येऊ द्या’ यांत तास सहज जातात. घरी हायड्रोकॉर्टिसोन सोडियम सक्सिनेटची १०० मिलिग्रॅमची कुपी, इंजेक्शनचे पाणी आणि सिरिंज असावी. पावडर २ मिलिलिटर पाण्यात विरघळली की ५० मिलिग्रॅम म्हणजे १ मिलिलिटर. नावात ‘सक्सिनेट’ असल्याची खात्री करावी. हायड्रोकॉर्टिसोन ॲसिटेट सांध्यात देण्यासाठी असते आणि इथे कामाचे नाही. नर्सकडून एकदा नुसत्या पाण्यावर सराव करून घ्यावा.

इंजेक्शन दिले म्हणून रुग्णालय टळत नाही. त्याचा असर काही तासच राहतो आणि त्यात साखर व सलाईन नसते. तिथे साखर आणि क्षार तपासतील. रक्तदाब पडला असेल तर किलोमागे २० मिलिलिटर, म्हणजे या मुलाला ३२० मिलिलिटर, नॉर्मल सलाईन देतील, आणि पुढच्या २४ तासांत ३३ ते ६७ मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन विभागून शिरेतून. रिपोर्टसाठी हा डोस थांबवू नये, हे डॉक्टरांच्या सहीच्या पत्रात ठळक लिहिलेले असावे. त्यामुळे अनोळखी डॉक्टरांशी वाद घालण्याची वेळ येत नाही.

उलट्या थांबल्या, मूल खाऊ लागले, की सहसा एक-दोन दिवसांत रोजच्या डोसवर परततात. बहुतेक वेळा हळूहळू उतरवत नेण्याची गरज नसते, कारण वाढीव डोस फक्त आजारपणापुरता होता. मध्येच पुन्हा ताप चढला तर मात्र चार वेळांचा डोस परत सुरू करायचा.