गोळ्या थांबवल्या, पाळी कधी येणार?

प्रश्न : वय २७. तीन वर्षे 'माला-एन' घेतली. बाळासाठी गोळ्या बंद करून सात आठवडे झाले, पाळी नाही. आधी ती चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी यायची. गर्भाशय सुकलं असेल का?
– एक वाचक, राहुरी

उत्तर : ताई, गोळ्यांनी गर्भाशय सुकत नाही. पाकिटातल्या लोहाच्या सात गोळ्यांच्या दिवसांत येणारा रक्तस्राव ही खरी पाळी नव्हती; संप्रेरकं थांबल्याने तो होत असे. आता मेंदू आणि अंडाशयाचा संवाद पुन्हा जुळायला हवा. बहुतेकींची पाळी तीन महिन्यांत येते, पुढची एक-दोन चक्रं मागेपुढे होतात. तुमचं चक्र मुळातच लांब होतं. गोळ्यांनी ते फक्त झाकलं होतं.

मात्र पाळीआधीच बीज सुटू शकतं, म्हणून आजच सकाळच्या लघवीची गर्भचाचणी करा. ती नकारात्मक आली, तर आठवड्याने पुन्हा करा. फॉलिक ॲसिडही सुरू करा.

तीन महिने पूर्ण होऊनही पाळी नसेल, तर ग्रामीण रुग्णालयात दाखवा. थायरॉइड, प्रोलॅक्टिन आणि सोनोग्राफीतून पीसीओएससारखं कारण कळतं. चेहऱ्यावर केस, स्तनांतून दूध किंवा सतत डोकेदुखी असेल, तर थांबू नका. चाचणी सकारात्मक येऊन ओटीपोटात एका बाजूला दुखलं, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.