ॲपमधून पैसे निघेनात? आधी पासबुकावरचं नाव बघा

सोयाबीनचे पैसे ॲपमध्ये दिसतात, पण बँक खात्यात घ्यायला गेलं की 'फेल' येतं. बटण परत परत दाबून उपयोग नाही. खातं तपासताना १ रुपया टाकून बँकेकडून खातेदाराचं नाव घेतात. ते सभासदाच्या नावाशी जुळलं नाही, की पैसे अडकतात.

आपल्या एका ताईंचं सभासदत्व आणि आधार सासरच्या नावाने, पासबुक मात्र माहेरच्या. त्यांनी आधार व विवाह नोंदणी दाखला देऊन बँकेत नाव बदललं, मग ॲपमध्ये खातं काढून पुन्हा जोडलं. पैसे आले.

मुलाचं खातं जोडू नका, तिथेही हेच होतं. नुसतं स्पेलिंग चुकलं असेल तर पासबुकाच्या पहिल्या पानाचा फोटो ऑफिसला पाठवा. ओटीपी मात्र आम्हालाही सांगायचा नाही.